सिंकखालचा वास नक्की येतो कुठनं?

डिचोलीतल्या आमच्या एका वहिनींच्या नव्या किचनमध्ये रोज सकाळी सडक्या अंड्याचा वास. दिवसभर काही नाही, पण सकाळी चहाला पाणी ठेवायला आत गेलं की नाक मुरडायची पाळी. वहिनींनी साहजिकच सिंकखाली थोडं पाणी साठून राहतं त्या ट्रॅपला धरलं. बांगडे धुतलेलं पाणी, सोलकढीच्या भांड्याचं खळखळवलेलं पाणी, सगळं तिथनंच जातं, मग तेच तिथं साठून कुजत असणार असा त्यांचा हिशोब. मग ट्रॅप उघडून धुणं झालं, सोडा-व्हिनेगर झालं, ब्लिचिंग झालं. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. प्लंबर आला तो अकरा वाजता, खाली बघितलं, ट्रॅपमध्ये पाणी आहे म्हणाला, ट्रॅप एकदम ओके आहे, पाहिजे तर खाली अजून एक ट्रॅप टाकूया.

तो अजून एक ट्रॅप टाकायच्या आत शेजारचे काका आले हे बरं झालं. काकांचा जन्म गेला बोटीवर इंजिनरूममध्ये, पाइप म्हटलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर ट्रॅपमधलं पाणी एका वाडग्यात काढलं आणि वाडगा घेऊन थेट बाहेर तुळशीपाशी गेले, म्हणाले, "बाय, आता हे हुंगून बघ." वहिनींनी हुंगलं. खवट खोबऱ्याचा आणि थोडा माशाचा वास होता, पण अंड्याचा नव्हता. म्हणजे जे पाणी इतके दिवस आरोपी होतं त्याचा वास वेगळा आणि किचनमधला वास वेगळा.

सडक्या अंड्याचा वास हा हायड्रोजन सल्फाइड वायूचा. सेप्टिक टँकमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तिथं असे जीवाणू राहतात जे ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून जगतात आणि त्यातनं हा वायू सुटतो. आपलं नाक याच्या बाबतीत भलतंच तिखट आहे, हवेच्या शंभर कोटी भागांत याचे मोजके काही भाग असले तरी कळतं. (उलटं पण आहे, टाकीच्या आत तो खूप साठला असेल तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असं समजून कुणी टाकीत डोकावू नये, माणसं मेलीत त्यानं.) थोडक्यात, वहिनींच्या किचनमध्ये टाकीतली हवा येत होती, आणि ती ज्यानं अडवायची तो ट्रॅप रात्री कधीतरी अडवायचं सोडून देत होता.

ट्रॅपचं काम एवढंच. पाणी जाऊ द्यायचं आणि शेवटचं थोडं पाणी पोटात ठेवून हवेला बूच मारायचं. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ मध्ये संडासाखाली वाकडा पाइप बसवायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आयडिया तीच आहे. वहिनींकडे बॉटल ट्रॅप आहे, म्हणजे सिंकमधनं एक नळी सरळ खाली एका कपात उतरते आणि कपाच्या बाजूनं वरच्या अंगाला पाणी बाहेर पडतं. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असलं की झालं. टोकाच्या वर जेवढं पाणी उभं असतं तेवढाच काय तो पहारा, त्याला वॉटर सील म्हणतात.

आता काकांनी मोजायला काय घेतलं? माडाची हीर. केरसुणीतली एक लांब हीर ओढून काढली. कप आधी उघडलेलाच होता तर पट्टी लावून बघितलं, नळीचं टोक कपाच्या तळापासून ३ सेंटिमीटरवर होतं. कप परत बसवला, नळ सोडून ट्रॅप भरला, सिंकची जाळी काढून हीर नळीतनं सरळ तळाला टेकवली आणि वर काढली, ८ सेंटिमीटर ओली. म्हणजे सील ५ सेंटिमीटरचं, चांगलं आहे, प्लंबर खोटं बोलत नव्हता. मग वहिनींना म्हणाले, रात्री तू शेवटचं काय करतेस ते आता कर. वहिनी रात्री सिंकला बूच लावून त्यात गरम पाणी भरून भांडी भिजत घालतात, घासून झाली की बूच काढतात, ओटा पुसतात, लाइट बंद. तसंच केलं. पाणी भर्रकन गेलं आणि शेवटाला गडड गुडुप असा मोठा आवाज आला. काकांनी परत हीर घातली. यावेळी ओली फक्त अडीच सेंटिमीटर. नळीचं टोक ३ वर आणि पाणी अडीचवर, म्हणजे मध्ये अर्ध्या सेंटिमीटरची फट, आणि ती सकाळपर्यंत उघडी. सकाळी नळ सोडला की ट्रॅप परत भरतो, म्हणून अकरा वाजता येणाऱ्या प्लंबरला सगळं ठीकच दिसणार.

पाणी गेलं कुठं? पिंपातनं रॉकेल काढताना नळी तोंडानं ओढून खाली सोडली की पुढचं आपोआप येत राहतं ना, तेच. सिंकखालनं जमिनीपर्यंत साधारण ६० सेंटिमीटरचा उभा पाइप. ग्लासभर पाणी टाकलं तर ते पाइपाच्या कडेकडेनं ओघळतं, मध्ये हवा राहते, काही होत नाही. पण भरलेलं सिंक एकदम सोडलं की पाइप पूर्ण भरून वाहतो, ते पाणी खाली पडताना मागची हवा ताणली जाते, ट्रॅपच्या पुढच्या बाजूला दाब कमी होतो आणि किचनमधल्या हवेचा नेहमीचा दाब सीलचं पाणी पुढं ढकलून देतो. आणि हे व्हायला फार ताण लागतच नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब साधारण १० मीटर उंच पाण्याएवढा असतो, सील ५ सेंटिमीटरचं, म्हणजे पाइपातला दाब दोनशेव्या हिश्शाएवढा जरी कमी झाला तरी सील गेलं. तो गडड आवाज म्हणजे सील फुटून हवा पाण्यातनं बुडबुडत पुढं ओढली जाते त्याचा. हा आवाज ज्यांच्या घरी येतो त्यांनी वास यायची वाट बघू नये.

मग प्रश्न असा की जुन्या किचनमध्ये हे का नव्हतं. तिथं पण भांडी भिजायचीच. तर जुन्या घरात सिंकचा पाइप भिंतीतनं बाहेर काढून केळीच्या बुंध्यात सोडलेला होता, पाइपाचं तोंड उघडं, टाकीशी संबंधच नाही. रिनोव्हेशनमध्ये हे पाणी सेप्टिक टँकच्या लाइनला जोडलं, आणि मध्ये बाहेरच्या बाजूला जो गली ट्रॅप, म्हणजे वरनं जाळीचं उघडं तोंड असलेला ट्रॅप, असायला हवा तो कुणी टाकलाच नाही. तरी पहिले काही महिने निभावलं, कारण वेस्ट पाइप जमिनीतल्या पाइपात नुसता खोचलेला होता, बाजूला फट, त्या फटीतनं हवा ओढली जायची आणि सीलला धक्का लागायचा नाही. पण त्याच फटीतनं झुरळं यायला लागली, अधूनमधून थोडा वास पण, म्हणून वहिनींनी ती सिलिकॉननं गच्च बंद करून घेतली. काम चांगलं झालं, एवढं चांगलं की पाइपाला श्वास घ्यायला ट्रॅपमधला रस्ता सोडून दुसरा उरलाच नाही. त्यात नवीन सिंक. जुन्या सपाट तळाच्या सिंकमध्ये पाणी गेल्यावर पण तळावरचं उरलंसुरलं हळूहळू झिरपत राहतं आणि रिकामा झालेला ट्रॅप त्यावर परत भरतो. नवीन सिंकला भोकाकडे छान उतार आहे, थेंब उरत नाही, दिसायला सुंदर.

त्या रात्रीपुरता इलाज काकांनी फुकटात सांगितला, बूच काढून सगळं पाणी गेलं, आवाज थांबला, की मग एक तांब्या पाणी सावकाश ओत आणि झोप. सकाळी वास नव्हता. हीच खरी टेस्ट पण आहे. तांब्याभर पाण्यानं वास गेला तर रोग सीलचा, आणि तरीही आला तर जोड कुठंतरी गळतोय किंवा पाइप फुटलाय, ते वेगळं शोधायचं.

पक्कं काम म्हणजे पाइपाला हवा द्यायची. ट्रॅपच्या थोडं पुढं टी जोड टाकून एक पाइप भिंतीतनं बाहेर काढला, छपराच्या वर नेला, तोंडावर जाळीची टोपी, काऊल म्हणतात ती. हा झाला व्हेंट. आता पाणी पडताना हवा वरनं येते, ट्रॅपमधलं पाणी ओढायची गरज पडत नाही. पुन्हा सिंक भरून सोडलं, हीर घातली, साडेसात सेंटिमीटर ओली. अर्धा सेंटिमीटर जातोच, चालतो. ज्यांना भिंत फोडायची नाही, फ्लॅटवाले वगैरे, त्यांच्यासाठी एअर व्हॉल्व्ह मिळतो, पाइपात ताण आला की आत हवा घेतो आणि एरवी मिटलेला राहतो. काकांना तो किचनसाठी फारसा आवडत नाही, तेलकटपणा चढला की पडदा चिकटतो. आणि तो फक्त हवा आत घेऊ शकतो, बाहेर सोडू शकत नाही. आपल्याकडे पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, टाकीचं पाणी मुरवणारा खड्डा, सोक पिट, पाणी पीत नाही, टाकी तुडुंब होते, आणि अशावेळी वरनं पाणी आलं की टाकीतली हवा उलटी सिंककडे ढकलली जाते. तिला वाट उघड्या व्हेंटचीच लागते.

आणि प्लंबरचा तो दुसरा ट्रॅप? वासासाठी डबल सेफ्टी वाटते खरी, पण दोन ट्रॅपच्या मध्ये हवा अडकते, तिला पुढं जाता येत नाही मागं येता येत नाही, मग पाणी तुंबत तुंबत जातं आणि गुडगुड वाढते. एका पाइपावर एकामागं एक दोन ट्रॅप असले तर त्या दोघांच्या मध्ये तरी हवेला तोंड हवंच. बाहेरच्या गली ट्रॅपला जाळीचं उघडं तोंड असतं ते त्यासाठी, म्हणून तो चालतो. तो वहिनींनी पावसानंतर बसवून घ्यायचा ठरवलाय, तोपर्यंत कप उघडून मधनंमधनं खोबऱ्याचा लेप काढणं चालू आहे, कारण ट्रॅपचा स्वतःचा तो खवट वास व्हेंटनं जात नाही, तो हातानंच काढावा लागतो.