तुटकं कुंपण आणि आत शिरलेलं पोरगं: ऑक्युपायर्स लायबिलिटीची पार्श्वभूमी

टॉर्ट्सच्या पेपरात ऑक्युपायर्स लायबिलिटीचा, म्हणजे आपल्या जागेत आलेल्या माणसाला इजा झाली तर जागा ताब्यात असणाऱ्याची जबाबदारी किती याचा, प्रश्न आला की त्यात हमखास एक तुटकं कुंपण असतं आणि त्यातून आत घुसलेलं एक पोरगं. पेपर काढणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही असं वाटेल, पण इंग्लंडमधला हा कायदा खरोखरच अशा पोरांच्या केसेसमधून घडलाय.

आधी कॉमन लॉमध्ये आत आलेल्या माणसाला एका कप्प्यात टाकायचे आणि कप्पा बघून काळजी घ्यायची ड्युटी ठरायची. जागामालकाच्या धंद्याच्या कामासाठी आलेला तो इन्व्हायटी, त्याची काळजी सगळ्यात जास्त. नुसत्या परवानगीवर आलेला लायसन्सी, त्याला आपल्याला ठाऊक असलेला छुपा धोका सांगितला की झालं. आणि परवानगीशिवाय घुसलेला ट्रेसपासर? त्याला मुद्दाम किंवा बेफिकीरपणे इजा करायची नाही, बस.

१९२९ च्या अॅडी विरुद्ध डम्ब्रेक केसमध्ये हा नियम किती कडक आहे ते दिसलं. स्कॉटलंडमधल्या एका कोळसा खाणीच्या कंपनीच्या शेतात चार वर्षांचा मुलगा तिथल्या यंत्राच्या चाकात सापडून मेला. कुंपणाला भोकं होती, पोरं रोज तिथे खेळायची, कंपनीची माणसं त्यांना हाकलायची, म्हणजे सगळं माहीत होतं. तरी तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट, हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणालं की मुलगा ट्रेसपासर, विषय संपला. गंमत म्हणजे वीस वर्षं आधी, १९०९ च्या कुक केसमध्ये, रेल्वेच्या टर्नटेबलवर जखमी झालेल्या मुलाला त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने भरपाई मिळू दिली होती, कारण पोरं येतात हे रेल्वेला माहीत असून ती काहीच करत नव्हती, म्हणजे मूक परवानगीच दिली असं धरलं. खरं सांगायचं तर ही पळवाट होती, आणि हाकलून लावणारा मालक सुटतो, दुर्लक्ष करणारा अडकतो असला उफराटा हिशोब त्यातून झाला.

१९५७ च्या ऑक्युपायर्स लायबिलिटी अॅक्टने इन्व्हायटी आणि लायसन्सी एकत्र करून ‘व्हिजिटर’ केला आणि सगळ्या व्हिजिटर्सना एकच कॉमन ड्युटी ऑफ केअर दिली. मुलं मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार हे मालकाने गृहीत धरायचं, हेही त्यातच लिहिलं. ट्रेसपासरला मात्र हातही लावला नाही. मग १९६५ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा तुडवलेल्या कुंपणावरून रेल्वे लाइनवर गेला आणि विजेच्या रुळाने भयंकर भाजला. पोरं लाइनवर दिसतात हे स्टेशनमास्टरला आधीच कळवलं होतं. १९७२ मध्ये, हेरिंग्टन केसमध्ये, लॉर्ड्सनी अॅडी बाजूला सारून ‘कॉमन ह्युमॅनिटी’ची ड्युटी आणली. कल्पना माणुसकीची, पण प्रत्येक लॉर्डने ती आपापल्या शब्दांत मांडलेली, त्यामुळे नेमकी किती काळजी घ्यायची ते कोणालाच धड सांगता येईना, आणि शेवटी ट्रेसपासरसाठी १९८४ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी अॅक्ट करावा लागला.

आता प्रश्न घेऊ. एका कंपनीच्या बंद यार्डात जमिनीतला खड्डा कुजक्या प्लायने झाकलाय. कुंपण कित्येक महिने तुटलंय, शेजारीच खेळायचं मैदान, मॅनेजरने पोरांना आत पाहिलंय. बाहेर ‘प्रवेश बंद’ची पाटी. दिवे दुरुस्त करायला बोलावलेला इलेक्ट्रिशियन प्लायवर पाय देऊन पडतो, त्याचं टेस्टिंग मीटर फुटतं. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांचा मुलगा तसाच पडतो, त्याचा पाय मोडतो आणि फोन फुटतो.

इलेक्ट्रिशियन व्हिजिटर, म्हणजे १९५७. कंपनी म्हणेल की तो जाणकार आहे, त्याने आपलं बघायला हवं होतं. पण हा बचाव त्याच्या कामातल्याच धोक्याला चालतो, विजेच्या शॉकला, खड्ड्याला नाही. जखमेची भरपाई मिळेल, मीटरचीही.

मुलगा ट्रेसपासर, म्हणून १९८४, आणि तिथे तीन गोष्टी बघायच्या: धोका कंपनीला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता का, कोणी त्या बाजूला येईल हे कळायला कारण होतं का, आणि या धोक्यापासून थोडंफार संरक्षण द्यावं अशी अपेक्षा रास्त आहे का. प्लाय कंपनीनेच टाकलाय असं धरलं तर पहिली गोष्ट जमते, पोरं पाहिलीत म्हणून दुसरी जमते, आणि कुंपण नीट करणं किंवा खड्ड्यावर जाड पत्रा ठोकणं काही मोठं काम नाही, म्हणून तिसरीही. पाटीवर खड्ड्याचा उल्लेखच नाही, त्यामुळे नऊ वर्षांच्या पोरासाठी ती पुरेसा इशारा ठरणं अवघड. पायाची भरपाई मिळेल, फोनची नाही, कारण १९८४ च्या ड्युटीत वस्तूंचं नुकसान येतच नाही.

परीक्षक फॅक्ट्स थोडे फिरवून मुलगा चांगल्या स्थितीतल्या फायर एस्केपच्या बाहेरून चढला आणि पडला असं देतो, तेव्हा उत्तर उलटतं. २००६ च्या किओन केसमध्ये अकरा वर्षांचा मुलगा असाच पडला आणि हरला, कारण जागेत काही बिघाड नव्हता, धोका त्याच्या चढण्यात होता आणि तो त्याला कळत होता. वय फारच लहान असतं तर कोर्टाने कदाचित वेगळा विचार केला असता, म्हणून प्रश्नात वय दिलं असेल तर ते नुसतं लिहून पुढे जाऊ नका, त्या वयाच्या मुलाला तो धोका कळला असता का ते सांगा.