लॉगच्या आलेखाला गुणाकार चालतो, बेरीज चालत नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर अलीकडे एक व्हिडिओ आला होता. काचेच्या पेल्यात गर्द जांभळे पाणी, त्यात कसल्याशा ‘अल्कधर्मी’ द्रवाचे थेंब आणि चारपाच मिनिटांत पाणी नितळ. खाली लिहिले होते की शरीरातली विषारी द्रव्येही हे थेंब अशीच नाहीशी करतात. त्या पेल्यात नेमके काय होते हे व्हिडिओवरून कोणालाच सांगता येणार नाही. मात्र हुबेहूब असाच देखावा पुण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्रिस्टल व्हायोलेट हे रंगद्रव्य आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून उभा करता येतो. त्यात द्रव्य नाहीसे होत नाही, केवळ त्याचा रंग जातो, आणि पुरेसे आम्ल घातले की तो परत येऊ लागतो. व्हिडिओखाली एकाने विचारले होते, “रंग पूर्ण जायला किती मिनिटे लागतात?” या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि ते का नाही हे समजले की अभिक्रियेचा वेग मोजण्याची एक अत्यंत सुबक पद्धत हाती लागते.

क्रिस्टल व्हायोलेट आपल्याकडे जेन्शन व्हायोलेट या नावाने परिचित आहे. तोंड आले की किंवा जखमेवर पूर्वी जे जांभळे औषध लावत, ते हेच. त्याच्या रेणूच्या मध्यभागी एक कार्बन अणू असतो आणि त्याला तीन बेंझिन वलये जोडलेली असतात. या वलयांवर आणि मधल्या कार्बनवर धनप्रभार पसरलेला असल्यामुळे रेणू पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो व आपल्याला जांभळा दिसतो. हायड्रॉक्साइड आयन मधल्या कार्बनला येऊन चिकटला की वलयांमधली ही सलग जोडणी तुटते आणि तयार होणारा रेणू रंगहीन असतो. एका रंगरेणूमागे एक हायड्रॉक्साइड, इतका हा साधा व्यवहार आहे.

व्यवहार साधा असला तरी त्याचा वेग मांडताना अडचण येते, कारण तो दोन गोष्टींवर अवलंबून असतो: रंगद्रव्याची संहती आणि हायड्रॉक्साइडची संहती. दोन्ही एकाच वेळी घटत असतील तर गणित गुंतागुंतीचे होते. यावरचा उपाय असा की एक अभिकारक दुसऱ्याच्या तुलनेने इतका भरपूर घ्यायचा की अभिक्रिया संपेपर्यंत त्याच्यात जाणवण्याजोगी घट होऊच नये. समजा, मिश्रण झाल्यावर हायड्रॉक्साइडची संहती लिटरला ०.०२ मोल आहे आणि रंगद्रव्याची ०.००००१ मोल. म्हणजे हायड्रॉक्साइड दोन हजार पट आहे. सगळे रंगद्रव्य संपले तरी दोन हजार तांब्यांच्या टाकीतून एक तांब्या पाणी काढावे, तेवढाच फरक पडेल. मग हायड्रॉक्साइडची संहती स्थिर धरून ती वेगस्थिरांकातच, म्हणजे संहतींना गुणून वेग देणाऱ्या ठरावीक आकड्यातच, सामावून घेता येते आणि अभिक्रिया केवळ रंगद्रव्याच्या संहतीवर अवलंबून असल्यासारखी वागते. मुळात तिचा वेग दोन संहतींच्या गुणाकारावर ठरतो, म्हणजे ती द्वितीय कोटीची असते, पण एकाच संहतीवर ठरणाऱ्या प्रथम कोटीचे सोंग घेते, म्हणून तिला छद्म प्रथम कोटीची अभिक्रिया म्हणतात. हे सोंग फार जुने आहे. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी याने आम्लाच्या सान्निध्यात पाण्यामुळे साखरेचे विघटन कसे होत जाते हे पोलरिमीटर या प्रकाशाचे वळणे मोजणाऱ्या यंत्राने मोजले, तेव्हा त्याच्या भांड्यातले पाणी असेच अमाप होते.

प्रथम कोटीचा अर्थ असा की दर सेकंदाला उरलेल्या द्रव्याचा ठरावीक हिस्सा जातो. ठरावीक मात्रा नव्हे, ठरावीक हिस्सा. त्यामुळे निम्मे द्रव्य जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उरलेल्यातले निम्मे जायला लागतो, आणि ‘पूर्ण’ जाण्याचा क्षण गणितात कधी येतच नाही.

आता मोजणी. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमधून, म्हणजे द्रावण भरलेल्या छोट्या पारदर्शक पात्रातून, सोडतात आणि किती पलीकडे पोहोचतो ते पाहतात. दहावा हिस्सा पोहोचला तर ॲब्सॉर्बन्स १, शंभरावा पोहोचला तर २. हा आकडा रंगद्रव्याच्या संहतीच्या सम प्रमाणात असतो. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात: ॲब्सॉर्बन्स हा स्वतःच एक लॉग असताना त्याचा पुन्हा लॉग कशासाठी? कारण दोन लॉग दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. द्रावणाचा प्रत्येक पातळ थर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा गिळतो, आणि पहिला लॉग हा थरांचा हिशेब उलगडून संहती हाती देतो. तो यंत्र आपल्यासाठी करून ठेवते. अभिक्रिया दर सेकंदाला रंगद्रव्याचा ठरावीक हिस्सा गिळते, आणि दुसरा लॉग काळाचा तो हिशेब उलगडतो. तो आपण करायचा.

ln A = ln A₀ − k′t

इथे A हा t या वेळचा ॲब्सॉर्बन्स, A₀ सुरुवातीचा आणि k′ हा हायड्रॉक्साइडची संहती सामावून घेतलेला वेगस्थिरांक. वरच्या संहतींना साजेसे आकडे घेऊन हे पाहू. सुरुवातीला ॲब्सॉर्बन्स ०.८७० आहे. एक मिनिटाने ०.६८४, दोन मिनिटांनी ०.५३८, तीन मिनिटांनी ०.४२३, चार मिनिटांनी ०.३३३ आणि पाच मिनिटांनी ०.२६२. हे आकडे कालानुसार मांडले तर वक्ररेषा येते आणि तिचा चढ जागोजागी वेगळा असतो. त्यांचे नैसर्गिक लॉग घेतले की −०.१४, −०.३८, −०.६२, −०.८६, −१.१० आणि −१.३४ असे आकडे येतात. दर मिनिटाला बरोबर ०.२४ ने खाली. सरळ रेषा. पाच मिनिटांत, म्हणजे ३०० सेकंदांत, १.२० इतका उतार, म्हणून k′ सेकंदाला ०.००४०. निम्मे होण्याचा काळ ०.६९३ भागिले ०.००४०, म्हणजे सुमारे १७३ सेकंद. ज्यांनी दहाच्या पायाचा लॉग घेतला असेल त्यांचा उतार ०.००१७४ येईल आणि त्याला २.३०३ ने गुणावे लागेल. प्रयोगवहीत हा गुणाकार राहून गेला की उत्तर निमपटीहूनही कमी दिसते.

या आलेखाचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते एका गुणासाठी. रंगद्रव्याची बाटली जुनी आहे आणि संहती लेबलावरच्यापेक्षा दहा टक्के कमी आहे, असे समजा. प्रत्येक वाचन ०.९ पट होईल. पण लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, त्यामुळे सगळेच बिंदू एकाच अंतराने खाली सरकतात आणि रेषेचा चढ जसाच्या तसा राहतो. क्युव्हेटची रुंदी नेमकी माहीत नाही? चालेल. रंगद्रव्याचा शोषण गुणांक माहीत नाही? चालेल. मिश्रण करून क्युव्हेट यंत्रात ठेवेपर्यंत पंधरा सेकंद निघून गेले? तेही चालेल, कारण पहिले वाचन जेव्हा घेतले तोच क्षण शून्य मानता येतो. ज्या राशी एरवी काटेकोरपणे मोजाव्या लागतात, त्या सर्व रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या जागी जाऊन बसतात आणि चढाला स्पर्शही करत नाहीत.

बेरीज मात्र या आलेखाला सोसत नाही. क्युव्हेटवर बोटाचा ठसा आहे, काचेवर चरा आहे किंवा रंगद्रव्य भिंतीला चिकटून बसले आहे, असे धरू. क्रिस्टल व्हायोलेटला ही चिकटण्याची खोड आहेच. त्यामुळे प्रत्येक वाचनात ०.०३ ची भर पडते. सुरुवातीला ०.८७ ऐवजी ०.९० दिसते, म्हणजे साडेतीन टक्क्यांचाही फरक नाही. पंधरा मिनिटांनी खरा ॲब्सॉर्बन्स ०.०२४ असायला हवा, पण यंत्र ०.०५४ दाखवते, म्हणजे दुपटीहून अधिक. लॉगच्या आलेखावर हा शेवटचा बिंदू −३.७४ ऐवजी −२.९२ वर येतो आणि रेषा शेवटाकडे वर वळून आडवी होऊ लागते. पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडून चढ काढला तर k′ सुमारे ०.००३१ येतो, म्हणजे खऱ्यापेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी. पट्टीने जोडलेली रेषा दिसायला सरळच असते, हेच यातले कपट आहे. मधले बिंदू तिच्याखाली झोळीसारखे लोंबत असल्याचे नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. यंत्राचे शून्य ठरवणारे कोरे वाचन नुसत्या पाण्याचे न घेता त्याच क्युव्हेटमध्ये रंगद्रव्याविना हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचे घ्यावे. दुसरा उपाय अधिक खात्रीचा: मिश्रण निम्मे होण्याच्या काळाच्या किमान दहापट थांबू द्यावे, तेव्हाचे स्थिर वाचन प्रत्येक वाचनातून वजा करावे आणि मग लॉग घ्यावा. आपल्या उदाहरणात ही प्रतीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. ती शक्य नसेल, तर निम्मे होण्याच्या दोन काळांपुरतीच वाचने वापरावीत, कारण तोवर ०.०३ चा परिणाम मर्यादित असतो. आलेख वरच्या टोकाला वाकला असेल तर कारण वेगळे शोधावे. सुरुवातीचा ॲब्सॉर्बन्स दीडदोनच्या पुढे असला की साध्या यंत्रात इकडून तिकडून येणारा भटका प्रकाश वाचन दाबून ठेवतो, आणि तेव्हा द्रावण पातळ करण्यावाचून गत्यंतर नसते.

रेषा सरळ आली म्हणजे k′ मिळाला. खरा वेगस्थिरांक अजून मिळालेला नसतो. त्यासाठी हायड्रॉक्साइडची संहती बदलून प्रयोग पुन्हा करावा लागतो. ०.०२ ला k′ ०.००४० असेल आणि ०.०४ ला ०.००८० आला, तर हायड्रॉक्साइडच्या बाबतीतही कोटी एक आहे हे ठरते, आणि भागाकाराने द्वितीय कोटीचा वेगस्थिरांक ०.२० लिटर प्रति मोल प्रति सेकंद असा निघतो. अशा तीनचार संहतींचे k′ संहतीसमोर मांडले आणि रेषा उगमबिंदूतून न जाता थोडी वरून गेली, तर रंगहीन रेणूपासून रंगद्रव्य परत तयार होण्याची उलटी अभिक्रिया किंवा पाण्याशी होणारी संथ अभिक्रिया तिथे डोकावत असते.

सरळ रेषेलाही न पकडता येणाऱ्या चुका दोन. पहिली तापमानाची: दहा अंशांच्या वाढीने हा वेग साधारण दुप्पट होतो, तेव्हा पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच बाकावर केलेल्या प्रयोगांची उत्तरे कित्येक पटींनी वेगळी येतील, आणि दोन्ही आलेख निर्दोष सरळ असतील. दुसरी सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीची: झाकण सैल राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट होत राहते. k′ अचूक मोजलेला असतो, पण त्याला ज्या संहतीने भागायचे ती लेबलावरच उरलेली असते. म्हणून भागाकार करण्यापूर्वी त्याच दिवशी ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाणित द्रावणाशी फिनॉल्फथॅलिन वापरून तिचे अनुमापन करून घ्यावे लागते.