जपानी खाऊच्या पाकिटावरील तारखेमागचा इतिहास

जपानहून आलेल्या सेनबेईच्या, म्हणजे तांदळाच्या खुसखुशीत पापडीच्या, पाकिटावर ‘२६.०८.०५’ असे छापलेले असते, तेव्हा आपल्याकडील ग्राहक ते सवयीने २६ ऑगस्ट २००५ असे वाचतो आणि पाकीट वीस वर्षे जुने असल्याच्या समजुतीने बाजूला ठेवतो. जपानमध्ये वर्ष आधी, मग महिना आणि शेवटी दिवस लिहितात. त्यामुळे ही तारीख ५ ऑगस्ट २०२६ ठरते. शिवाय ती पाकीट तयार झाल्याची तारीख नसते, आणि यामागे एक मोठा बदल आहे.

१९९५ पर्यंत जपानी पाकिटावर उत्पादनाची तारीख छापणे बंधनकारक होते. दिसायला हा नियम सरळ होता, पण ग्राहक नेहमी सर्वांत ताजी तारीख शोधून घेई, दुकानदार आदल्या दिवशीचा माल नाकारू लागले आणि ‘आजची’ तारीख मिळावी म्हणून कारखान्यांना मध्यरात्रीनंतर काम करावे लागे. खाण्याजोगा माल केवळ एका दिवसाच्या फरकामुळे परत येई. समुद्रमार्गे येणाऱ्या परदेशी मालाची तर सुरुवातच मागे पडत असे, त्यामुळे व्यापारी भागीदार देशांचाही आक्षेप होता. आंतरराष्ट्रीय प्रमाणांशी जुळवून घेत एप्रिल १९९५ पासून उत्पादनाच्या तारखेऐवजी मुदतीची तारीख छापण्याचा नियम आला. ग्राहक संघटनांना हा बदल सहज पटला नव्हता, आणि माझ्या मते त्यांची शंका रास्त होती, कारण माल किती जुना आहे हे कळण्याचा मार्ग त्यांच्या हातून निघून गेला.

मुदतीची तारीख दोन प्रकारची असते आणि त्यांतील फरक जपानी न येणाऱ्यालाही ओळखता येतो. ‘शोहि किगेन’ ही लवकर, साधारण पाच दिवसांच्या आत, खराब होणाऱ्या पदार्थांवर असते. ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. ‘शोमि किगेन’ ही चव आणि दर्जा टिकण्याची मुदत असते. ती उलटली म्हणजे पदार्थ लगेच खाण्यास अयोग्य झाला असे नव्हे. बिस्किटे, सेनबेई, चॉकलेट यांवर बहुधा हीच असते. दोन्ही शब्द चार अक्षरांचे असून शेवटची दोन अक्षरे सारखीच आहेत, म्हणून पहिली दोन निरखावीत. ‘शोहि’च्या पहिल्या अक्षराच्या डाव्या कडेला एकाखाली एक असे तीन लहान फटकारे असतात, ते पाण्याचे थेंब होत. ‘शोमि’च्या दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे लहानसा चौकोन असतो, तो तोंडाचा. चव तोंडाने घेतात, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ उरत नाही. आधी दर्जाच्या मुदतीसाठी दोन कायद्यांत दोन शब्द होते, ते २००३ मध्ये ‘शोमि किगेन’ या एकाच शब्दावर आणण्यात आले. मुदत तीन महिन्यांहून अधिक असेल तर फक्त वर्ष आणि महिना छापला तरी चालते.

ही तारीख पाकीट न उघडता, सांगितल्याप्रमाणे ठेवले असेल तरच खरी मानायची. साठवणुकीच्या ओळीत बहुधा ‘चोकुशा निक्को’ म्हणजे थेट ऊन आणि ‘कोओन ताशित्सु’ म्हणजे उष्ण व दमट हवा टाळावी असे लिहिलेले असते. मुंबईच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले सेनबेईचे पाकीट मुदतीच्या बरेच आधी मऊ पडते, त्याचे कारण हेच. ‘यो रेइझो’ असेल तर पदार्थ फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. सोबत बहुधा १० अंश सेल्सिअसच्या खाली असे लिहिलेले असते.

घटकांच्या यादीची आजची मांडणी १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या खाद्य लेबल कायद्याखाली आली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात आणि पदार्थ व मिश्रके यांच्यामध्ये बहुधा एक तिरकी रेघ असते. आपल्या सेनबेईवर तांदूळ, तेल, सोया सॉस, साखर, ‘कात्सुओ’ या माशाचा अर्क आणि रेघेनंतर चव वाढवणारे मिश्रक, असा क्रम असू शकतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, आणि गहू सक्तीच्या ॲलर्जी-घटकांत असल्यामुळे त्याचा उल्लेख टाळता येत नाही. अंडे, दूध, शेंगदाणा, सोबा म्हणजे कुट्टू, कोळंबी, खेकडा आणि २०२३ मध्ये जोडलेला अक्रोडही त्याच यादीत आहेत.

कात्सुओ मात्र त्या सक्तीच्या यादीत नाही. केवळ ॲलर्जीची ओळ वाचून पदार्थ शाकाहारी ठरवणाऱ्याची म्हणूनच फसगत होते. कात्सुओ घटकांच्या यादीतच शोधावा लागतो. आपल्याकडचा हिरवा ठिपका जपानी कायद्यात नाही. त्यातच, अनेक घटकांपासून बनलेला एखादा मसाला पदार्थाच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातले घटक वेगळे न लिहिण्याची मुभा आहे. कडक शाकाहार पाळणाऱ्याने, यादीत मासा दिसला नाही तरी, उत्पादकाकडे विचारणा केल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.