नाव उच्चारलं की काय होतं? फँटसीतल्या नियमांची पार्श्वभूमी

फँटसीची लघुकथा लिहायला सांगितली की तिच्याबरोबर दोन सूचना हमखास येतात. जगाचे नियम आधी ठरवा आणि मग ते मोडू नका, ही पहिली. ते नियम सुरुवातीलाच सांगून टाकू नका, ही दुसरी. आज दोन्ही सूचना एका दमात दिल्या जातात, पण त्यांचा उगम एका ठिकाणचा नाही.

पहिली सूचना जुनी आहे. स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी 1893 मध्ये परीकथांच्या कल्पनाशक्तीवर एक निबंध लिहिला. त्यात ते म्हणतात की लेखकाने स्वतःचं जग रचावं, त्याला हवे ते कायदे द्यावेत. मात्र एकदा दिले की त्याने स्वतःही ते पाळावेत. एखादा कायदा तो विसरला की त्याच क्षणी वाचकाचा विश्वास उडतो. त्यांचं उदाहरण भाषेचं आहे. परीराज्यातल्या कोवळ्या, निरागस जिवांच्या तोंडी लंडनच्या गल्लीतली कॉकनी बोली घातली तर काय होईल, असं ते विचारतात. म्हणजे नियम फक्त जादूचा नसतो. त्या जगात कोण कसं बोलतं हाही नियमच. विद्यार्थ्यांच्या कथांत मला हा दोष जादूच्या चुकांपेक्षा जास्त वेळा दिसतो. हजार वर्षं तळ्यात राहिलेली जलदेवता तिसऱ्या पानावर ‘ओके’ म्हणते आणि तळं तिथेच आटतं.

8 मार्च 1939 रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’चे लेखक टॉल्किन यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं. ते छापून आलं 1947 मध्ये. ‘हिरवा सूर्य’ असं कुणीही म्हणू शकतं, असं त्यांनी त्यात मांडलं. पण ज्या जगात हिरवा सूर्य खराच वाटेल ते जग उभं करायला कष्ट लागतात. हिरव्या सूर्याखाली पानं कशी दिसतील, दुपारची सावली कशी पडेल, हे लेखकाला ठाऊक असावं लागतं. वाचक ‘बुवा, खोटं आहे, पण चालवून घेऊ’ असं म्हणत वाचत असेल तर त्यांच्या मते बाजी आधीच गेलेली असते. आत असेपर्यंत त्याला ते जग खरंच वाटलं पाहिजे.

दुसरी सूचना, म्हणजे हळूहळू उलगडण्याची, अमेरिकन मासिकांच्या पानांतून वाढली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1942 मधल्या एका विज्ञानकादंबरीत एक छोटंसं वाक्य आहे, पुढे ते उदाहरण म्हणून फार सांगितलं गेलं. दार उघडलं नाही, ढकललं गेलं नाही. डोळ्याची बाहुली मोठी व्हावी तसं ते विस्फारलं. इंग्रजीत हे अवघे तीन शब्द आहेत: ‘द डोअर डायलेटेड’. पात्राला त्यात नवल वाटत नाही, म्हणून लेखकही थांबून समजावत नाही. वाचकाला मात्र कळतं की इथली घरं वेगळी आहेत.

या दोन्ही गोष्टी एका लघुकथेत कशा बसतात हे पाहायचं तर अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची ‘द रूल ऑफ नेम्स’ वाचावी. ती एप्रिल 1964 च्या ‘फँटॅस्टिक’ मासिकात आली. अर्थसी या द्वीपसमूहावरच्या कादंबऱ्या अजून लिहिल्या जायच्या होत्या. कथेतला नियम एकच आहे: प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्या माणसावर सत्ता चालते. पतीचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे फार परकं वाटणार नाही.

सॅटिन्स बेटावरच्या टेकडीखाली, गुहेत, मिस्टर अंडरहिल नावाचा गोलमटोल, सामान्य वकुबाचा जादूगार राहतो. कथा सुरू होते तेव्हा तो सकाळच्या उन्हात बाहेर येतो आणि त्याच्या नाकपुड्यांतून वाफेचे दोन पांढरे झोत निघतात. थंडीत कुणाच्याही नाकातून वाफ निघते, म्हणून आपण पुढे जातो. मग गावातली शिक्षिका पलानी उघड्यावर मुलांना नावांचे नियम शिकवत असते: कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, स्वतःचं सांगायचं नाही. का, याचं उत्तर तिथून चाललेला अंडरहिल स्वतः देतो. नाव म्हणजेच ती वस्तू, खरं नाव म्हणजे खरी वस्तू, आणि नाव उच्चारणं म्हणजे तिला ताब्यात घेणं. नियम असा उघड सांगितलेला आहे, पण वर्गात, मुलांना शिकवण्याच्या ओघात. वाचकासाठी वेगळं भाषण नाही. लगेच पुढे एक साधं वाक्य येतं. पलानीला आणि मुलांना पाहून अंडरहिलला का कोण जाणे फार भूक लागते.

पुढे ब्लॅकबिअर्ड नावाचा परका जादूगार येतो. पेंडॉरच्या बेटावरचा आपल्या घराण्याचा खजिना एका ड्रॅगनने लुटला, मग कुणा जादूगाराने त्या ड्रॅगनला मारून तो पळवला, असा त्याचा समज आहे. चोराचं खरं नावही त्याने शोधून काढलंय. दोघांची झुंज होते, रूपांमागून रूपं बदलतात, आणि अंडरहिल ड्रॅगन झालेला असताना ब्लॅकबिअर्ड ते नाव उच्चारतो: येवॉड. खरं नाव उच्चारलं की खरं रूप उरतं, आणि तेच होतं. समोरचा ड्रॅगन ड्रॅगनच राहतो. कुणी ड्रॅगनला मारलेलंच नव्हतं; अंडरहिल हाच तो ड्रॅगन होता, आणि ब्लॅकबिअर्ड त्यातून वाचत नाही.

इथे नियम मोडलेला नाही; ब्लॅकबिअर्डने त्याचा अर्थ अपुरा लावला. हिरण्यकशिपूच्या वराची हीच जात आहे: वराचा शब्दन् शब्द पाळला जातो आणि तरीही तो मरतो.

याच कथेचा बिघडलेला खर्डा मनात रचून पाहा. ब्लॅकबिअर्ड नाव उच्चारतो आणि काहीच होत नाही, कारण गुहेला म्हणे एक प्राचीन कवच होतं. शेवट तोच, माणूस मेलेलाच, पण वाचक चिडेल, कारण कवच त्याला आधी दिसलेलं नाही. म्हणून स्वतःची कथा तपासताना कळसापासून उलटं यावं. शेवट ज्या गोष्टीवर टेकलाय ती मागे कुठल्या वाक्यात आहे, तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. ते वाक्य कळसाच्या आदल्याच परिच्छेदात सापडलं तर ते ठिगळ असतं. ले ग्विन यांची वाफ पहिल्याच परिच्छेदात आहे, आणि तिथे तिला थंड सकाळचं दुसरं, साधं कारण आहे. संकेताला असं दुसरं कारण नसेल तर वाचक त्याला तिथल्या तिथे पकडतो.

अर्थात या कथेतही एक सैल टाका आहे. नाव उच्चारणं म्हणजे ताब्यात घेणं, असं अंडरहिल म्हणाला होता. मग नाव माहीत असलेल्या ब्लॅकबिअर्डला त्याच्यावर ताबा का मिळत नाही? नियमाचं अर्धं वाक्य पाळलं गेलं, अर्धं सुटलं. वाचताना धक्का इतका मोठा असतो की हे जाणवत नाही, आणि एका लघुकथेत ते खपूनही जातं. पण त्याच जगावर 1968 मध्ये पहिली कादंबरी आली तेव्हा हा टाका आवळलेला दिसतो. तिच्यात तरुण जादूगार गेड पेंडॉरला जातो आणि जुन्या इतिहासावरून अंदाज बांधून तेच नाव उच्चारतो. या वेळी येवॉड जागच्या जागी बांधला जातो, आणि त्या नावाचीच शपथ घालून गेड त्याच्याकडून द्वीपसमूहाकडे कधीही न येण्याचं वचन घेतो.