'कधीही विकता येतं' म्हणजे इमर्जन्सी फंड नव्हे

हा घोळ आता इतक्या वेळा ऐकलाय की लिहूनच टाकतो. नवीन नोकरीला लागलेल्या पोरांना एसआयपी, एनएव्ही, एक्झिट लोड सगळं पाठ असतं, त्यामुळे म्युच्युअल फंड म्हणजे काय ते मी इथे सांगत बसत नाही. पण इमर्जन्सी फंड कुठाय विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहे ना, इंडेक्स फंडात, कधीही काढता येतो."

माझ्या भाच्याचंही हेच. पुण्यात आयटीत आहे, हातात पगार ५०,००० येतो, ८,००० ची एसआयपी सव्वादोन वर्षं चालू, इंडेक्स फंडात २ लाख ४० हजार झालेत आणि बचत खात्यात महिनाअखेरीला जेमतेम पाच-सहा हजार.

मी म्हटलं, "शुक्रवारी रात्री आठला आईला अ‍ॅडमिट करावं लागलं, काउंटरवर ५०,००० डिपॉझिट मागितलं, तर काय करशील?"

"मोबाईलवरून विकायला टाकीन की मामा, दोन मिनिटांचं काम."

"टाकशील, पण तीनची वेळ टळून गेलीय त्यामुळे भाव लागणार सोमवारचा, आणि इक्विटी फंडाचे पैसे त्यानंतर दोन कामाच्या दिवसांनी, म्हणजे बुधवारी. मध्ये सुट्टी आली तर गुरुवार."

"तोपर्यंत क्रेडिट कार्ड आहे ना."

मला हे उत्तर अजिबात आवडत नाही. कार्डाची लिमिट हा आपला पैसा नाही, ते कर्ज आहे, आणि बिल पूर्ण भरता आलं नाही तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं.

पण बुधवारपर्यंतचा उशीर ही त्यातल्या त्यात छोटी अडचण. खरा घोळ पुढे आहे. लिक्विडिटी म्हणजे पैसा लवकर हातात येणं एवढंच लोक धरतात, पण त्यात दुसरी अट आहे, *जेवढा ठेवलाय तेवढाच* हातात यायला हवा. शेअर बाजारातला पैसा पहिली अट बऱ्यापैकी पाळतो, दुसरी पाळत नाही. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६०० च्या आसपास बंद झाला. भाच्याचे २ लाख ४० हजार तेव्हा असते तर दीड लाखाच्या जवळ आले असते. आणि पगारकपात, नोकऱ्या जाणं हे सगळंही त्याच वर्षी झालं. बाजार पडणं आणि नोकरी जाणं या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच कारणाने होतात, म्हणून नेमकी गरज लागते तेव्हाच युनिटं मातीमोल भावात विकावी लागतात आणि पुढे बाजार वर येतो तेव्हा आपल्याकडे विकलेली युनिटं नसतात.

"मग एफडीत ठेवून महागाईनं खाऊ द्यायचे का पैसे?" भाचा म्हणाला.

हो, थोडे खाऊ द्यायचे. दोन लाखांवर पाच टक्के कमी मिळाले तर वर्षाला दहा हजार, तेवढी किंमत मोजायची. त्या बदल्यात बाकीच्या गुंतवणुकीला पडत्या बाजारात हात लावावा लागत नाही.

आकडा कसा काढायचा हे सोपंय, पगारावरून नाही, थांबवता न येणाऱ्या खर्चावरून. भाच्याचं भाडं १४,०००, खाणं ८,०००, घरी पाठवतो ६,०००, बाईकचा हप्ता ४,५००, वीज-प्रवास-फोन ३,५००, म्हणजे ३६,०००. सहा महिन्यांचे २ लाख १६ हजार. यात एसआयपी धरायची नाही, नोकरी गेली की ती थांबवता येते.

ठेवायचे कुठे? एका महिन्याचे बचत खात्यात, यूपीआयने लगेच देता येतील असे. बाकीचे साध्या एफडीत, पण एकच मोठी न करता २५-३० हजारांच्या वेगवेगळ्या करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येते आणि मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला फटका तेवढ्यावरच बसतो. टॅक्स वाचवायची पाच वर्षांची एफडी इथे चुकूनही धरू नका, ती मुदतीआधी मोडताच येत नाही. लिक्विड फंडही चालेल, पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी येतात, आणि काही फंडांत दिवसाला ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातलं कमी असेल तेवढं लगेच मिळतं. पण बँकेच्या अ‍ॅपमधून एफडी रात्री मोडता येते का हे एकदा छोटी मोडून स्वतः तपासा.

भाच्याला मी सांगितलं, वर्ष उलटून गेलेल्या युनिटांपैकी १ लाख २० हजारांची विक. विकताना जुनी युनिटं आपोआप आधी जातात, वर्षानंतर त्याच्या फंडाला एक्झिट लोड नाही आणि नफा वर्षाच्या सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसतो. उरलेले ९६,००० एसआयपीचे ८,००० तिकडे वळवून बारा महिन्यांत भरतील.

"म्हणजे वर्षभर एसआयपी बंद?"

"बंद. पीएफ कापला जातोच आहे, तेवढी गुंतवणूक चालू राहू दे."