इंदूरच्या बॅटरी कामगारांनी रक्तातल्या शिशाची तपासणी कशी करून घ्यावी आणि रिपोर्ट कसा वाचावा

जुन्या बॅटऱ्या फोडणं, प्लेटा काढणं, भट्टीत शिसं वितळवून ओतणं, अशा कामाला सांवेर रोड, पालदा किंवा पिथमपूरकडे जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. शिशाची बाधा बराच काळ दिसत नाही. पोटात कळा येणं, बद्धकोष्ठ, अंगातलं रक्त कमी होणं, मनगट लुळं पडणं ही लक्षणं दिसेपर्यंत शिसं पुष्कळ साचलेलं असतं. त्याआधी कळायचं तर रक्त तपासणं हाच मार्ग.

तपासणीचा हक्क कोणाला

कारखाना कायदा, 1948 च्या कलम 41-सी मध्ये घातक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची तपासणी कामावर लावण्याआधी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने मालकाने करून द्यायची, आरोग्याची नोंद ठेवायची आणि ती कामगाराला बघू द्यायची, असं आहे. नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, पण ही जबाबदारी तिच्यातही कायम आहे. शिशाची बाधा सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे निदान करणाऱ्या डॉक्टरनेही ते कळवायचं असतं.

फक्त भट्टीवाल्यांचीच तपासणी करायची ही पद्धत चुकीची आहे. झाडू मारणारा, मशीन दुरुस्त करणारा, कामाचे कपडे धुणारा आणि ठेकेदाराकडून आलेला मजूर, सगळ्यांच्या नाकात तीच धूळ जाते. बारा महिने ही कायद्यातली कमाल मर्यादा आहे. भट्टीवर नव्याने लागलेल्या माणसासाठी वर्षभर थांबणं फार झालं, पहिले सहा महिने दर दोन महिन्यांनी तपासणं योग्य.

अर्ज आणि कागद

अर्ज हिंदीत, कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या नावे लिहा. त्यात कोणत्या विभागात, कधीपासून आणि नेमकं काय काम करता ते लिहा. रक्तातल्या शिशाची तपासणी व्हावी आणि रिपोर्टची प्रत मिळावी, या दोन्ही मागण्या स्पष्ट लिहा, कारण तपासणी होते आणि कागद ऑफिसातच राहतो, असं सर्रास घडतं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सोबत आधार, गेटपास किंवा हजेरी कार्डाची झेरॉक्स, ईएसआयचा विमा क्रमांक आणि आधीचे रिपोर्ट जोडा. ठेकेदाराच्या कामगाराने गेटपास जपून ठेवावा. त्या जागी काम केल्याचा त्याच्याकडे बहुधा तेवढाच पुरावा असतो.

दाद लागली नाही तर हेच कागद घेऊन औद्योगिक स्वास्थ्य व सुरक्षा संचालनालयात तक्रार करता येते. त्याचं राज्याचं मुख्यालय इंदुरातच आहे.

रक्त देताना

बोटाला टोचून घेतलेला थेंब बॅटरी कामगाराच्या बाबतीत फसवतो. कातडीवरची शिशाची धूळ त्यात मिसळते आणि आकडा उगाच फुगतो. रक्त शिरेतून घ्यावं, शक्यतो कामाची पाळी सुरू होण्याआधी, आंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत आणि शेडपासून दूर. तपासणी संपूर्ण रक्ताची हवी. शिसं जवळजवळ सगळं लाल पेशींत असतं, त्यामुळे नुसत्या सीरमवर केलेली तपासणी कामाची नाही. नागभस्म असलेलं एखादं औषध घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यातही शिसंच असतं.

आकडा वाचताना

आधी एकक बघा. बहुतेक रिपोर्ट µg/dL मध्ये असतात, पण काही ठिकाणी µg/L छापतात आणि तो आकडा दहापट दिसतो. म्हणजे 280 µg/L म्हणजे 28 µg/dL. पुढचे सगळे आकडे µg/dL मधले आहेत.

शेजारी छापलेल्या ‘नॉर्मल’वर विसंबू नका. तो सर्वसाधारण माणसाचा आहे की शिशाचं काम करणाऱ्याचा, ते लॅबला विचारा. जागतिक आरोग्य संघटना 5 किंवा त्याहून जास्त आकडा आला की शिसं कुठून येतंय ते शोधायला सांगते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने कामगारांसाठी 20 हा निर्देशांक ठरवला आहे. तिथल्या 1978 च्या सरकारी नियमात 40 ला दर दोन महिन्यांनी तपासणी, सरासरी 50 ला किंवा एकदाच 60 आला तर शिशाच्या कामावरून हटवणं, आणि लागोपाठ दोनदा 40 च्या खाली आल्यावरच परत घेणं, असं आहे. हे आपले कायदे नाहीत, पण तुलनेसाठी उपयोगी पडतात. आणि 39 म्हणजे सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नये. रक्तदाब आणि मूत्रपिंडावर याच्या खालीही परिणाम होतो.

एक आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. रक्तातलं शिसं साधारण महिना-सव्वा महिन्यात निम्मं होतं, तर हाडांत साचलेलं वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू रक्तात उतरत राहतं. म्हणून आकड्यांची रांग बघायची.

समजा, बॅटरी फोडायच्या कामावर लागलेल्या एका तरुणाचा पहिल्या दिवशीचा आकडा 6 होता. तीन महिन्यांनी 28, सहा महिन्यांनी 44. त्याला माल चढवण्याच्या कामावर हलवलं. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला 41. ऑफिसातलं कोणी म्हणेल, उतरतोय. पण 44 आणि 41 मध्ये फरकच नाही, दोन-चार अंक तर लॅबच्या मोजणीतही इकडेतिकडे होतात. सहाच महिने काम केलेल्या माणसाच्या हाडांत फारसं साठलेलं नसतं. दोन महिने शिशापासून खरंच लांब राहिला असता, तर आकडा पंचविशीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली यायला हवा होता. तो आला नाही, याचा अर्थ शिसं अजून पोटात किंवा छातीत जातंय. मग नेमकं विचारावं लागतं: डबा कुठे बसून खातोस? बिडी ओढण्याआधी हात साबणाने धुतोस? कपडे तेच आहेत? इथे असं निघालं की तो डबा जुन्या सोबत्यांबरोबर बॅटऱ्या फोडायच्या शेडमध्येच खात होता आणि जुनाच शर्ट घालून घरी जात होता. जेवायची जागा आणि कपडे बदलल्यावर पुढच्या दोन महिन्यांत आकडा 24 झाला.

हाच 41 पंधरा वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाचा असता, तर अर्थ वेगळा. त्याचा आकडा हाडांमुळेच अडून राहू शकतो, त्याला जास्त महिने लांब ठेवावं लागतं.

आकडा खाली आणायला औषध देऊन त्याच कामावर उभं करणं धोक्याचं आहे. शिसं बाहेर काढणारी औषधं रुग्णालयात, देखरेखीखाली आणि शिशाचा संपर्क पूर्ण तोडूनच द्यायची असतात. कारखान्यात कोणी तपासणीआधी गोळ्या वाटत असेल तर घेऊ नका आणि गोळीचं नाव लिहून ठेवा.

आजार निघाला तर

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयची कपात होत असेल, तर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने घेऊन जा. डॉक्टरांना ‘बॅटरीत काम करतो’ एवढंच सांगू नका, शिशाचं काम आणि त्याची वर्षं केसपेपरवर लिहून घ्या. कागदावर नुसतं ‘पोटदुखी’ किंवा ‘ॲनिमिया’ राहिलं तर साधा आजारभत्ता मिळतो, पगाराच्या 70 टक्के आणि तोही वर्षात 91 दिवसांपर्यंत. शिशाचा व्यावसायिक आजार मान्य झाला तर तो कामावरची इजा धरतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता पगाराच्या 90 टक्के असतो. ईएसआय नसलेल्यांना कर्मचारी भरपाईच्या तरतुदीखाली मालकाकडे मागणी करता येते.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि कामाचे कपडे घरी धुतले जात असतील, तर त्यांचंही रक्त तपासून घ्या. त्यांच्या रिपोर्टला कामगारांचे 20 आणि 40 लावायचे नाहीत. तिथे 5 आला तरी लगेच डॉक्टरांना दाखवायचं.