कबीरांचं १२० वर्षांचं आयुष्य

कबीर १२० वर्षं जगले हे खरं आहे का?

१२० हा आकडा पुरावा नव्हे, वजाबाकी आहे. परंपरेने जन्म संवत १४५५ आणि निधन १५७५ मानलं, त्यातला फरक १२०. निधनाचं वर्ष सांगणाऱ्या दोह्याचं दुसरं रूपही प्रचलित आहे आणि त्यात संवत १५०५ येतं. एका ओळीतल्या पाठभेदाने सत्तर वर्षं सरकतात.

दोन्ही टोकं ताणण्यामागे कारणं दिसतात. रामानंद आधीच्या काळातले, म्हणून त्यांचं शिष्यत्व साधायला जन्म मागे न्यावा लागतो. सिकंदर लोदीने छळ केल्याची कथा टिकवायची, तर त्याची कारकीर्द इसवी १४८९ ते १५१७ असल्याने निधन पुढे ढकलावं लागतं.

कबीरांचं निधन जिथे झालं असं मानतात, त्या मगहरची समाधी इसवी १४५० ची असल्याचं पुरातत्त्वज्ञ फ्यूररच्या स्मारकांच्या यादीत आहे. ते संवत १५०५ शी, म्हणजे इसवी १४४८ शी जुळतं. पण त्याने आधाराचा शिलालेख छापलेला नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही.

रूपांतरातही चूक होते. संवतातून सरसकट ५७ वजा करून १५१८ लिहितात, पण १५७५ च्या दोह्यात माघ शुद्ध एकादशी आहे. चैत्रादी संवतात माघ पुढच्या इसवीत पडतो, म्हणून तिथे ५६ वजा करून १५१९ येतं.